एक तास बावन्न मिनिटांचं एक पान

आमचा पाच जणांचा अभ्यासाचा गट आहे. शनिवारी दुपारी रासायनिक समतोल संपवायचा, असं ठरलं होतं, कारण मंगळवारी चाचणी होती. त्याच दिवशी आमच्यातली एक तापाने आडवी झाली. तिने सकाळी मेसेज टाकला, "रेकॉर्ड करा ना कुणीतरी, प्लीज." मी फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, बाकी तिघांना विचारलं. एकीने अट घातली की घरच्या गप्पा कुणाला पाठवायच्या नाहीत. म्हणजे रेकॉर्डिंग जसंच्या तसं पाठवता येणार नव्हतं, आणि ताप असलेल्या माणसाने एक तास बावन्न मिनिटं आमची भांडणं ऐकावीत यात अर्थही नव्हता. फोन माझा, म्हणून टिपण काढायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

पहिल्या रात्री मी जे केलं ते सगळ्यात सोपं होतं आणि जवळजवळ निरुपयोगी. रेकॉर्डिंग लावलं, वही उघडली आणि कानावर पडेल ते क्रमाने लिहीत गेलो. थोडं ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं. साडेतीन तास गेले, चार पानं भरली. फोटो काढून पाठवले आणि झोपलो.

सकाळी तिचा फोन. आवाज बसलेला, पण वैताग स्पष्ट.

"तुम्ही काय काय बोललात ते कळलं रे. समतोल नाही कळला."

"म्हणजे?"

"दुसऱ्या पानावर लिहिलंयस, 'मग इथे बाण डावीकडे.' इथे म्हणजे कुठे? आणि खाली लिहिलंयस 'NO₂ वाढतो', त्याच्या दोन ओळींनंतर 'NO₂ कमी होतो'. काय धरू मी?"

मी पान उघडून बघितलं. दोन्ही वाक्यं खरंच तिथे होती आणि दोन्ही रेकॉर्डिंगमध्येही होती. मी इमानेइतबारे सभेचं इतिवृत्त लिहिलं होतं. बैठकीला हजर असलेल्याला ते वाचून सगळं आठवलं असतं. पण तिला आठवायला काहीच नव्हतं.

तेव्हा कुठे मी तिला तो प्रश्न विचारला जो आदल्या रात्रीच विचारायला हवा होता, की तुला आत्ता यातलं काय येतं? ती म्हणाली, "Kc चं, म्हणजे समतोल स्थिरांकाचं, सूत्र लिहिता येतं, आकडे दिले तर किंमत काढता येते. पण काहीतरी बदललं की समतोल कुठल्या बाजूला सरकतो, तिथे मी नेहमी अंदाज मारते." या एका उत्तराने माझी पहिली सव्वा पानं बाद झाली, कारण Kc म्हणजे काय यावर आम्ही सुरुवातीची बावीस मिनिटं घालवली होती आणि मी ती सगळी उतरवली होती.

दुसऱ्यांदा ऐकताना मी पेन बाजूला ठेवलं. दीडपट वेगाने सलग ऐकलं आणि फक्त वेळा टिपल्या. प्रत्येक वेळेपुढे एक अक्षर: प्रश्न असेल तर 'प्र', कुणी उत्तर दिलं तर 'उ', वाद झाला तर 'वा', आणि गाडी भलतीकडे गेली तर नुसती रेघ. सव्वा तासात झालं. रेघांची बेरीज केली तर जवळपास चाळीस मिनिटं निघाली. बोलत बसलो होतो तेव्हा ती इतकी वाटली नव्हती. आणखी एक गोष्ट दिसली. 'उ' बहुतेक वेळा 'प्र'च्या पाठोपाठ नव्हतं. विसाव्या मिनिटाच्या प्रश्नाचं उत्तर कधी पन्नासाव्या मिनिटाला यायचं, तेही दुसऱ्याच गणिताच्या मध्ये, वाक्याच्या शेपटाला. क्रमाने लिहिलं की असा प्रश्न एका पानावर आणि उत्तर तिसऱ्या पानावर जातं, आणि वाचणाऱ्याला ते एकमेकांचे आहेत हे कळायला मार्ग नसतो.

आता ते 'इथे'. रेकॉर्डिंगमध्ये बोट ऐकू येत नाही. "हा वर जातो", "याला याने भागलं", "बघ ना, इथे" अशी वाक्यं आमच्या बोलण्यात ठासून भरली होती आणि ती सगळी भिंतीवरच्या छोट्या बोर्डाकडे बघून बोललेली होती. नशिबाने एकाने पुसण्याआधी बोर्डाचे तीन फोटो काढले होते. फोटोची वेळ आणि रेकॉर्डिंगची वेळ जुळवली की कोणत्या 'इथे'ला कोणता फोटो ते कळणार होतं. तिथे मी अर्धा तास वाया घालवला. रेकॉर्डिंगच्या फाईलवर ६:०२ ही वेळ होती आणि मधला फोटो ४:५८ चा. म्हणजे फोटो रेकॉर्डिंगच्या आधीचा? तसं असणं शक्यच नव्हतं, त्या फोटोत ज्या गणितावर आम्ही भांडलो तेच गणित होतं. शेवटी उमगलं की माझा फोन फाईलवर रेकॉर्डिंग संपल्याची वेळ लिहितो. ६:०२ मधून एक तास बावन्न वजा केले, सुरुवात ४:१० ला. म्हणजे ४:५८ चा फोटो अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाचा. तिथे जाऊन ऐकलं आणि 'वा' लिहिलेली सगळ्यात मोठी जागा नेमकी तीच निघाली.

वाद असा होता. बोर्डावर ही अभिक्रिया:

N₂O₄ ⇌ 2NO₂

N₂O₄ ला रंग नसतो, NO₂ तपकिरी असतो. प्रश्न: तापमान तेच ठेवून भांड्याचं आकारमान निम्मं केलं तर काय होईल? आमच्यातली एक, जिला पाठ्यपुस्तक पाठ असतं, म्हणाली की दाब वाढला, समतोल वायूचे मोल जिकडे कमी तिकडे जाणार, म्हणजे डावीकडे, म्हणून NO₂ कमी होणार. दुसरा म्हणाला, "अगं, मी व्हिडिओ बघितलाय. सिरिंज दाबली की रंग गडद होतो. NO₂ वाढतो." मग सहा मिनिटं दोघं तेच तेच जरा मोठ्या आवाजात बोलत राहिले. तिसऱ्याने "दोन्ही बरोबर असेल" असं म्हणून पुढचं गणित काढलं. हे वाक्य समजूत घालण्यासाठी होतं, स्पष्टीकरण म्हणून नव्हतं. पण तेच खरं निघालं.

माझ्या इतिवृत्तात हे 'वाढतो' आणि 'कमी होतो' असं उतरलं होतं. आता मला ठरवायचं होतं की कागदावर कोण जिंकणार. ठरवता येईना, म्हणून आकडे घेऊन बसलो. रेकॉर्डिंगमध्ये कुणीच आकडे घातले नव्हते.

एक लिटरच्या भांड्यात समतोलाला NO₂ ०.०२ मोल आणि N₂O₄ ०.०८ मोल आहेत असं धरलं. Kc म्हणजे समतोलाला उजवीकडच्या वायूचं कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे लिटरमागे मोल, भागिले डावीकडच्याचं; NO₂ च्या मागे दोन आहे म्हणून त्याचा वर्ग. मग

Kc = (०.०२)² ÷ ०.०८ = ०.००५

आकारमान अर्धा लिटर केलं. दाबल्या क्षणी मोल तेवढेच आहेत, जागा निम्मी, म्हणून दोन्ही कॉन्सन्ट्रेशन दुप्पट: ०.०४ आणि ०.१६. तोच भागाकार या क्षणाला केला की त्याला Q म्हणतात.

Q = (०.०४)² ÷ ०.१६ = ०.०१

Q हा Kc च्या दुप्पट झाला. वरच्या NO₂ वर वर्ग आहे, खालच्या N₂O₄ वर नाही, म्हणून दोन्ही दुप्पट झाले तरी वरचा चौपट आणि खालचा दुप्पट. तापमान तेच, म्हणून Kc तोच. Q परत ०.००५ वर यायला हवा, तर वरचं कमी आणि खालचं जास्त व्हायला हवं. म्हणजे अभिक्रिया डावीकडे. किती? x मोल प्रति लिटर N₂O₄ नव्याने तयार झाला असं धरलं तर (०.०४ − २x)² = ०.००५ × (०.१६ + x). वर्गसमीकरण सोडवलं, x आला सुमारे ०.००५६. म्हणजे नव्या समतोलाला NO₂ चं कॉन्सन्ट्रेशन साधारण ०.०२९.

हा आकडा आला आणि मी पेन खाली ठेवलं. आधी ०.०२०, दाबल्या दाबल्या ०.०४०, शेवटी ०.०२९. समतोल डावीकडे गेला, आणि तरीही कॉन्सन्ट्रेशन सुरुवातीपेक्षा जास्तच राहिलं. आता मोल बघा. अर्ध्या लिटरात ०.०२९ म्हणजे सुमारे ०.०१४ मोल. सुरुवातीला होते ०.०२. मोल कमी झाले. पाठ्यपुस्तकवाली मोलांबद्दल बोलत होती, व्हिडिओवाला कॉन्सन्ट्रेशनबद्दल. दोघंही 'NO₂' एवढंच म्हणत होते, त्यामुळे सहा मिनिटं भांडूनही दोघांनाही कळलं नाही की आपण दोन वेगळ्या गोष्टी मोजतोय.

गणित झाल्यावर त्या सिरिंजचाही उलगडा झाला. बाजूने बघितलं तर नजर सिरिंजच्या रुंदीतून आरपार जाते, आणि रुंदी दट्ट्या दाबल्याने बदलत नाही. म्हणून दिसणारा गडदपणा कॉन्सन्ट्रेशनच्या मागे जातो: एकदम गडद, मग थोडा फिका, पण सुरुवातीपेक्षा गडदच. टोकाकडून, म्हणजे सिरिंजच्या लांबीतून बघितलं तर वायूचा स्तंभही निम्मा होतो, म्हणून गडदपणा एकूण NO₂ च्या रेणूंवर ठरतो: दाबल्या क्षणी आहे तसाच, आणि मग सुरुवातीपेक्षा फिका. एकच सिरिंज, एकाने बाजूने बघितली तर तो जिंकतो, दुसरीने टोकाकडून बघितली तर ती. (हे मी कागदावर मांडलं, सिरिंज हातात घेऊन केलेलं नाही. NO₂ विषारी असतो, तो नाद करायचाही नाही.)

पहिल्या चार पानांत या सगळ्याला दोन ओळी मिळाल्या होत्या. नव्या पानाचा निम्मा भाग मी याच वादाला दिला, कारण तिची अडचणही हीच होती: 'काहीतरी बदललं की कुठे सरकतो'.

दुसरा 'वा' मात्र रेकॉर्डिंगमध्ये वाद म्हणून नव्हताच. तिथे सगळ्यांचं एकमत होतं. प्रश्नसंचातला प्रश्न होता की याच समतोलात स्थिर दाबावर हिलियम घातला तर काय होईल. एकतिसाव्या मिनिटाला एक आवाज ठामपणे म्हणतो, "सोपं आहे. वायू घातला, दाब वाढला, समतोल कमी मोलांकडे. डावीकडे." मागून दोनतीन 'हं' येतात, पान उलटल्याचा आवाज येतो, पुढचा प्रश्न. तो ठाम आवाज माझा. स्वतःचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये ऐकणं तसंही जड जातं, त्यात तो चुकत असताना ऐकणं म्हणजे विचारू नका. पहिल्या रात्री हे वाक्य मी तसंच्या तसं लिहून घेतलं होतं, कारण कुणी हरकत घेतली नव्हती, आणि मला ते पटलेलंच होतं.

मग एक तास चोवीस मिनिटांवर, पिशव्या आवरताना चेन ओढल्याच्या आवाजात, एक जण सहज म्हणतो, "अरे, ते हिलियमचं. हिलियम अभिक्रियेत नसतोच, त्याने काही होत नाही." त्यावर कुणीतरी "हो का? बरं" म्हणतं आणि विषय संपतो. मी खूश झालो, की चला, दुरुस्ती सापडली. पानावर लिहिलं: 'हिलियम घातल्याने काही फरक पडत नाही.' आणि मग प्रश्नसंच उघडून मूळ प्रश्न पुन्हा वाचला. 'स्थिर दाबावर.'

आमच्या मित्राचं म्हणणं बंद, न बदलणाऱ्या आकारमानाच्या भांड्यासाठी बरोबर आहे. तिथे हिलियम घातला की एकूण दाब वाढतो, पण NO₂ आणि N₂O₄ चे मोल तेच, जागा तीच, म्हणून कॉन्सन्ट्रेशन तेच, Q तेवढाच, समतोल जागचा हलत नाही. पण दाब स्थिर ठेवायचा तर भांड्याला फुगावं लागतं. आपल्या आकड्यांत मिळून ०.१ मोल वायू एक लिटरमध्ये आहे. आणखी ०.१ मोल हिलियम घातला तर दाब तोच ठेवण्यासाठी आकारमान दोन लिटर होईल. NO₂ ०.०१, N₂O₄ ०.०४, आणि Q = (०.०१)² ÷ ०.०४ = ०.००२५. Kc पेक्षा कमी. म्हणजे समतोल उजवीकडे.

मी म्हणालो डावीकडे, मित्र म्हणाला कुठेच नाही, आणि विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर उजवीकडे. एक तास बावन्न मिनिटांत ते कुणीही उच्चारलेलं नव्हतं. तोवर माझी समजूत अशी होती की सारांश म्हणजे आहे त्यातून गाळणं. इथे गाळून जे उरलं असतं तेही चूकच असतं. पुस्तकातला निष्क्रिय वायूंचा परिच्छेद काढून दोन्ही परिस्थिती पडताळल्या, तेव्हा खात्री झाली.

यातून पानावर एक सोय करावी लागली. प्रत्येक विधानापुढे समासात 'ग' किंवा 'मी' लिहिलं. 'ग' म्हणजे हे गटात बोललं गेलं आणि सगळ्यांना पटलं. 'मी' म्हणजे हे बैठकीत झालं नाही, मी नंतर आकडे घालून किंवा पुस्तक बघून जोडलं. नाहीतर तिला वाटलं असतं की हिलियमचं हे उत्तर चौघांनी मिळून काढलंय, आणि माझ्याकडून गणित चुकलं असतं तरी तिने ते चौघांचं म्हणून डोळे मिटून घेतलं असतं. पान तयार झाल्यावर मोजलं, एकवीस विधानांपैकी आठ 'मी' होती. मला वाटलं होतं एखाददुसरं असेल.

चुकीची विधानं पूर्ण खोडायची का, यावर थोडा घुटमळलो. एकतिसाव्या मिनिटाचं वाक्य लपवावं असं मनात आलं, हे कबूल करतो. पण चौघांना एकदम पटलेली चूक तिलाही एकटीने अभ्यास करताना पटणार होती. म्हणून खाली चौकट केली, 'इथे आम्ही फसलो', आणि त्यात दोनच गोष्टी ठेवल्या. 'वायू घातला म्हणजे दाब वाढला म्हणजे डावीकडे', त्याखाली हे का चुकतं: समतोलाला एकूण दाब कळत नाही, त्याला फक्त आपल्या वायूंची कॉन्सन्ट्रेशन कळतात. आणि 'NO₂ वाढला की कमी झाला', त्याखाली: आधी विचार, मोल की कॉन्सन्ट्रेशन.

बाकीचं भराभर झालं. उत्प्रेरकावरची पाच मिनिटं एका ओळीत बसली, की तो समतोलाकडे लवकर नेतो, समतोल हलवत नाही. तापमानाला तीन ओळी, कारण तिथे गोष्ट वेगळी आहे: तापमान बदललं की Kc च बदलतो, Q नाही. बाकी सगळ्या बदलांत Kc जागेवर, हललाच तर Q हलतो. हे वाक्य गटात एकीने बोलता बोलता म्हटलं होतं आणि कुणी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. मी ते पानाच्या सगळ्यात वर नेलं. रेकॉर्डिंगमध्ये ते त्रेसष्टाव्या मिनिटाला होतं, पण वाचणाऱ्याला तेच पहिलं लागणार होतं. बदल केला की समतोल कुठे सरकतो हे सांगणारं तत्त्व ज्यांच्या नावाचं आहे त्या ल शातेलिए यांच्या नावाचे आम्ही चार जणांनी तीन उच्चार केले होते, त्यातला कुठला लिहायचा यावर मी उगाच पाच मिनिटं घालवली.

पान झालं. एक कागद, दोन्ही बाजू. रविवारी रात्री तिला पाठवलं आणि सोबत तीन प्रश्न दिले. अट एवढीच की पुस्तक उघडायचं नाही, फक्त हे पान. तिला पान 'छान' वाटतं का हे मला विचारायचं नव्हतं. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती.

पहिला प्रश्न: PCl₅ ⇌ PCl₃ + Cl₂, भांडं दुप्पट मोठं केलं. तिने लिहिलं, तिन्ही कॉन्सन्ट्रेशन निम्मी, वरचा गुणाकार पाव झाला, खालचं निम्मं, Q निम्मा, म्हणून उजवीकडे. बरोबर, आणि मला हवं होतं त्याच वाटेने. दुसरा हिलियमचाच, पण बंद टणक भांड्यात. "कुठेच नाही." बरोबर.

तिसरा: H₂ + I₂ ⇌ 2HI, आकारमान निम्मं. तिने लिहिलं, उजवीकडे.

मी फोन केला. "हे कसं काढलंस?"

"तुझ्या पानावर लिहिलंय की, आकारमान कमी केलं की कमी मोलांच्या बाजूला. डावीकडे दोन आहेत, H₂ आणि I₂. उजवीकडे एक, HI."

"HI च्या मागे दोन आहे ना."

थोडा वेळ शांतता. "ते पण मोजायचं? कुठे लिहिलंयस?"

कुठेच नव्हतं. मी पान वरून खाली वाचलं. मग रेकॉर्डिंगची वेळांची यादी बघितली. तिथेही नव्हतं. खोलीत बसलेल्या चौघांनाही सहगुणक मोजायचे हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की ते कुणी बोललंच नाही. जे बोललं गेलं नाही ते रेकॉर्डिंगमध्ये येत नाही, आणि रेकॉर्डिंगवरून काढलेल्या टिपणात तर नाहीच नाही. ती बसली असती तर तिने तिथल्या तिथे विचारलं असतं आणि एका मिनिटात संपलं असतं.

"बरं, तो नियम सोड," मी म्हणालो. "Q लिही."

ती लिहीत होती ते ऐकू येत होतं. "वर HI चा वर्ग. दुप्पट झाला, म्हणजे चौपट. खाली H₂ दुप्पट, I₂ दुप्पट, म्हणजे ते पण चौपट." थांबली. "अरे. Q बदललाच नाही."

"मग?"

"कुठेच नाही जाणार."

नंतर पानावर मी दोन बदल केले. मोलांच्या बाजूचा नियम वरून काढून खाली नेला, 'उत्तर पडताळायला' म्हणून, आणि त्याच्या शेजारी लिहिलं की सहगुणकांसकट फक्त वायूंचेच मोल मोजायचे, आणि दोन्हीकडे सारखे आले तर समतोल हलत नाही. पुढे 'ती' असं तिसरं अक्षर आलं, कारण हे ना गटाचं होतं ना माझं. बाकी तिघांना तेच पान पाठवलं तेव्हा पाठ्यपुस्तकवालीने अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाच्या जागेखाली लिहून पाठवलं, "म्हणजे मी जिंकले." व्हिडिओवाल्याने त्याच्याखाली लिहिलं, "बाजूने बघ." रेकॉर्डिंग मी मंगळवारी चाचणीनंतर सगळ्यांसमोर फोनमधून काढून टाकलं, ठरल्याप्रमाणे.

पुढच्या शनिवारी ती आली. त्या दिवशी दुसरा एक जण येणार नव्हता, म्हणून फोन पुन्हा टेबलावर. मी बोर्डावर आयनिक समतोलाचं गणित मांडत होतो आणि सवयीने म्हणालो, "आता हा इकडे गेला की..."

"एक मिनिट," ती म्हणाली आणि फोनकडे वाकली. "बोर्डावरच्या दुसऱ्या ओळीतला H⁺ उजवीकडून डावीकडे. आणि वेळ पाच वाजून बारा मिनिटं, फोटो काढते आहे."